मित्राच्या पसाऱ्याची दालनफेरी: लिहावी कशी, सादर करावी कशी

मित्राची खोली हे एका प्राचीन संस्कृतीचं जसंच्या तसं जपलेलं दालन आहे, असं मानून पाहुण्यांना गंभीर आवाजात माहिती सांगत फिरवायचं. वाढदिवसाला, निरोपाला किंवा नुसतंच सगळे जमलेले असताना हा खेळ फार रंगतो. पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या हातून बहुतेक वेळा "हा पाहा कचऱ्याचा डोंगर, आणि ही पाहा मोज्यांची दरी" असलं काहीतरी उतरतं. ही टिंगल झाली. ती दोन वाक्यांत संपते, तिसऱ्या वाक्याला मित्राचा चेहरा उतरतो आणि पुढे सांगायला काही उरत नाही.

फेरी उभी राहते ती एका नियमावर: वस्तुस्थिती पूर्ण खरी ठेवायची आणि भारदस्तपणा फक्त तिच्या अर्थात आणायचा. खुर्चीवर कपड्यांचा ढीग ४६ सेंटिमीटरचा असेल तर ४६च सांगायचा, "गगनचुंबी" म्हणायचं नाही. पुढचं सगळं याच नियमाचा विस्तार आहे, म्हणून तो आधीच मनात पक्का करून घ्या.

खरोखर घडलेलं एक उदाहरण

पसाऱ्याची खोली संग्रहालयात जाणं ही कल्पनेतलीच गोष्ट नाही. चित्रकार फ्रान्सिस बेकन १९९२ साली वारले. लंडनमधल्या रीस म्यूज या गल्लीतला त्यांचा स्टुडिओ रंगांचे डबे, फाटके फोटो, पुस्तकं, फाडलेले कॅनव्हास यांनी गुडघाभर भरलेला होता. १९९८ साली तो डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला देणगी म्हणून मिळाला. तेव्हा गॅलरीने पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. कुठली वस्तू कुठे आणि कशाखाली पडली आहे याचे त्यांनी नकाशे काढले, मग एकेक वस्तू नोंदवून बांधली. भिंती, दारं, जमीन, छत आणि धूळसुद्धा डब्लिनला नेली आणि २००१ साली खोली तिथे पुन्हा उभी करून लोकांसाठी उघडली. नोंदवलेल्या वस्तू सात हजारांहून जास्त भरल्या.

आपल्या कामाची यातली गोष्ट अशी की त्या लोकांनी पसाऱ्याला नावं ठेवली नाहीत आणि त्याचं कौतुकही केलं नाही. त्यांनी जागा टिपली. एखादा ब्रश टेबलावर सापडतो तेव्हा तो नुसता ब्रश असतो. तोच रिकाम्या डब्यात, तीन फोटोंच्या खाली सापडला की तिथे माणसाची सवय दिसायला लागते. तुमच्या लेखणीलाही हीच नजर हवी.

पहिली पायरी: पाहणी, आणि तीही हात न लावता

मित्राची परवानगी आधी घ्या. "तुझ्या खोलीवर काहीतरी करतोय" एवढं मोघम सांगून भागणार नाही. पाहुणे आत येतील, वस्तूंजवळ कार्डं ठेवली जातील आणि तुम्ही काही खिसे-कप्पे बघणार आहात, हे स्पष्ट सांगा. गुपित ठेवायचंच असेल तर मजकुराचं ठेवा, कार्यक्रमाचं नको.

मग दारात उभं राहून एक फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांचे एकेक. त्यानंतर वही आणि मोजपट्टी घेऊन आत जा. प्रत्येक वस्तूबद्दल एवढंच लिहा: ती काय आहे, कशाची आहे, केवढी आहे, कुठे आहे, तिच्यावर आणि खाली काय आहे, वापराची कुठली खूण दिसते. या वेळी विनोद सुचला तरी लिहू नका. सुचलेला विनोद वहीत उतरला की डोळे पुढची वस्तू बघायचं सोडून त्या विनोदाला जुळेल असं काहीतरी शोधू लागतात.

पंचवीस-तीस नोंदी झाल्या की त्यातल्या पाच-सहाच निवडायच्या. निवडीची माझी कसोटी एकच आहे: या वस्तूवर सवयीची खूण आहे का? नुसता धुळकट पंखा कुठल्याही घरात असतो, तो सोडा. पण दार वाऱ्याने आपटू नये म्हणून पायाशी ठेवलेलं पाच किलोचं डंबेल घ्या. त्याच्या वरच्या बाजूला धूळ आहे आणि दाराकडच्या बाजूला रंग घासला गेलाय. म्हणजे ते व्यायामासाठी फारसं उचललं गेलं नाही, दार मात्र रोज अडवत आलंय. पुरातत्त्वात याला वस्तूचा दुय्यम वापर म्हणतात, आणि जुन्या इमारतींचे कोरीव दगड नव्या भिंतीत बसवलेले सापडतात तेव्हा अभ्यासक नेमकी हीच गोष्ट नोंदवतात. तुमच्या वाक्यात तो शब्द येईल तेव्हा तो उसना वाटणार नाही, कारण तो इथे खरोखरच लागू पडतो.

फडताळावरची धूळ तिरप्या उजेडात बघायला विसरू नका. मोबाईलची बॅटरी आडवी धरून उजेड टाका. धुळीत एखादा स्वच्छ चौकोन दिसला तर तिथे बराच काळ काहीतरी ठेवलेलं होतं आणि नुकतंच उचललं गेलंय. हा चौकोन पुढे फार उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी: मुख्य वस्तूचा काळ ठरवा

प्रत्येक फेरीला एक मुख्य वस्तू लागते. बहुतेक खोल्यांत ती कपड्यांची खुर्ची असते, म्हणून तेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

डेन्मार्कचे निकोलस स्टेनो यांनी १६६९ साली मांडलेलं साधं तत्त्व असं: थर विस्कटलेले नसतील तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. ते खडकांबद्दल बोलत होते, पण खुर्चीला ते तंतोतंत लागू पडतं. समजा, आपल्या खुर्चीत वरून खाली असे पाच थर आहेत. पहिला, किंचित ओलसर टॉवेल. दुसरा, एकदाच घातलेले दोन शर्ट. तिसरा, लोकरीचा स्वेटर. चौथा, पँट. आणि पाचवा, ज्यावरचं जाकीट गायब आहे असा एक रिकामा हँगर.

पँटच्या खिशात एक तिकीट निघालं आणि त्यावर १४ फेब्रुवारी ही तारीख छापलेली आहे. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. तो लिहितो, "चौथा थर १४ फेब्रुवारीचा." तसं म्हणता येत नाही. तिकीट खिशात महिनाभर पडून राहिलं असेल. तिकिटावरून एवढंच ठरतं की पँट तिथे त्या तारखेला किंवा त्यानंतर ठेवली गेली, त्याआधी नाही. नाण्यावरून थराचा काळ ठरवतानाही हाच नियम असतो. मग पँटच्या वरचे तीनही थर त्या तारखेच्या किंवा त्यानंतरचे ठरतात. हँगर पँटच्या आधीचा, पण किती आधीचा ते कळत नाही. ते तसंच "अनिश्चित" लिहा. या एका शब्दाने तुमच्या बाकीच्या विधानांवर लोकांचा विश्वास बसतो.

आता डावी बाजू बघा. शर्ट, स्वेटर आणि पँट तिन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखे घसरलेले आहेत, टॉवेल मात्र सपाट पडलाय. म्हणजे शर्ट ठेवल्यानंतर आणि टॉवेल टाकण्याआधी कोणीतरी ढिगात हात घालून जाकीट खेचून काढलं. खड्डा ज्या थरांना कापतो त्यांच्यानंतरचा असतो आणि ज्या थराखाली झाकला जातो त्याच्या आधीचा असतो, हे उत्खननातलं रोजचं गणित आहे. बघता बघता तुमच्या हाती एक घटना आली: एके दिवशी या माणसाला अचानक जाकीट लागलं होतं. कशासाठी ते मित्राला विचारून घ्या. मुलाखतीसाठी लागलं असेल आणि ती नोकरी मिळाली असेल, तर तुमच्या फेरीचा सर्वात चांगला क्षण तुम्हाला सापडला.

तिसरी पायरी: पाटी

संग्रहालयातल्या वस्तूजवळच्या पाटीला ठरलेला क्रम असतो: नाव, काळ, साहित्य, मापं, कोणाकडून मिळाली आणि नोंद क्रमांक. क्रमांकाची रूढ पद्धत अशी की आधी वस्तू आल्याचं वर्ष, मग त्या वर्षातली कितवी खेप, मग त्या खेपेतली कितवी वस्तू. आपल्या खुर्चीची पाटी अशी होईल:

> कपड्यांचा स्तरित संचय
> काळ: वरचे चार थर १४ फेब्रुवारी किंवा त्यानंतरचे, तळाचा थर चौथ्या थराच्या आधीचा, नेमका काळ अनिश्चित
> साहित्य: सुती कापड, लोकर, प्लॅस्टिक, आधार लाकडी
> उंची: बैठकीपासून ४६ सेंमी
> मूळ जागी, न हलवता प्रदर्शित
> नोंद क्र. २०२५.१.३

यात विनोदाचं एकही वाक्य नाही आणि ते घालूही नका. पाटी जितकी कोरडी, तितकं पुढचं निवेदन खुलतं. पांढऱ्या जाड कागदाची घडी घालून ती वस्तूशेजारी उभी करा. चिकटपट्टीने वस्तूला चिकटवू नका. संग्रहालयातही वस्तूला इजा न होता काढता येईल अशाच रीतीने क्रमांक लावतात, आणि मित्राच्या शर्टावर डिंकाचा डाग पडणं बरं नव्हे. अक्षर हातभर अंतरावरून वाचता यायला हवं.

चौथी पायरी: निवेदन

निवेदन म्हणजे तुम्ही तोंडाने सांगायचा मजकूर. एका वस्तूला शंभरेक शब्द पुरतात. मुख्य वस्तूला थोडे जास्त द्या. खुर्चीसाठी मी असं लिहीन:

> "आपण आता दालनातील सर्वाधिक अभ्यासलेल्या वस्तूसमोर उभे आहोत. येथे पाच थर ओळखता येतात. सर्वात वरच्या थरातील ओलावा लक्षात घेता दालनातील वस्ती अखंड चालू असल्याचे दिसते. दुसऱ्या थरातील दोन शर्ट एकदाच वापरलेले आहेत. कपाटात ठेवावेत इतके ते स्वच्छ नाहीत आणि धुवावेत इतके मळलेलेही नाहीत. या मधल्या अवस्थेतील वस्त्रांसाठी येथील रहिवाशांनी स्वतंत्र स्थान निर्माण केले होते, ते हे. डावीकडील घसरण पाहावी. शर्टांनंतर आणि टॉवेलपूर्वी केव्हातरी तळातून एक जाकीट तातडीने काढण्यात आले. ते पुन्हा या जागी आलेले नाही. त्या दिवसापासून रहिवासी नोकरीस आहेत."

हे का चालतं ते बघा. ओलसर टॉवेल खरा आहे. धुवायचे की ठेवायचे अशा पेचातले शर्ट खरे आहेत आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे ते आहेत. फुगवलंय ते फक्त "वस्ती अखंड चालू" आणि "स्वतंत्र स्थान निर्माण केले होते" एवढंच, तेही तर्कातून आलेलं. शेवटचं वाक्य साधं ठेवलंय, कारण तिथे लोक टाळ्या वाजवणार आहेत आणि टाळ्यांआधीच्या वाक्यात भार नको.

बोलताना खोलीच्या मालकाचा उल्लेख "मूळ रहिवासी" असा, भूतकाळात आणि आदरार्थी करा, तो समोर उभा असला तरी. त्याच्याकडे बघून डोळा मारायचा नाही. "आढळून आली", "असे दिसते", "अंदाजे" हे शब्द मोकळेपणाने वापरा. "अभ्यासकांत याबाबत एकमत नाही" हे वाक्य मात्र पूर्ण फेरीत एकदाच येऊ द्या. ते इतकं हाताशी असतं की तिसऱ्या वेळी ते ऐकणाऱ्याला आधीच पाठ झालेलं असतं. "भव्य", "अद्वितीय", "डोळ्यांचे पारणे फेडणारे" ही विशेषणं सहलीच्या जाहिरातीतली आहेत. संग्रहालयाची भाषा विशेषणांऐवजी मापं देते.

पाचवी पायरी: वाट आणि चढउतार

दारातून सुरुवात करा, कारण पाहुणे तिथेच गोळा होतात. डंबेलपासून आरंभ चांगला होतो: छोटी वस्तू, लगेच कळणारा अर्थ. तिथे लोकांना खेळाची रीत समजते. खुर्ची मध्यावर येऊ द्या. एका वेळी पाच-सहा जणांनाच आत घ्या. मागच्या रांगेला वस्तू दिसली नाही तर सगळं बारकाईने बघण्याचं श्रम वाया जातात.

सगळ्या वस्तूंना सारखंच निवेदन दिलं की एकसुरीपणा येतो. तिसऱ्या वस्तूपाशी लोक मोबाईल काढू लागले की समजायचं, चाल बदलायला हवी. म्हणून एका वस्तूला फक्त पाटी द्या, तोंडाने काही बोलू नका; थांबा, लोकांना वाचू द्या, पुढे चला. आणि फडताळावरचा तो धुळीतला स्वच्छ चौकोन आठवा. खऱ्या संग्रहालयात वस्तू हलवली की तिच्या जागी छोटं कार्ड ठेवतात. तसंच कार्ड तिथे ठेवा: "येथील वस्तू संवर्धनासाठी हलविण्यात आली आहे." शेजारी चौकोनाची मापं. रिकाम्या जागेपुढे सहा माणसं गंभीरपणे वाकून उभी राहतात, तेव्हा तुम्हाला काही बोलावंच लागत नाही.

शेवटाकडे उसन्या वस्तू ठेवा. दुसऱ्याकडून प्रदर्शनासाठी आणलेल्या वस्तूच्या पाटीवर मालकाचा उल्लेख करण्याची प्रथा आहे. पसाऱ्याच्या खोलीत अशा वस्तू हमखास असतात: कोणाची छत्री, कोणाचं पुस्तक, कोणाचा स्क्रूड्रायव्हर. पाटीवर लिहा: "दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. मूळ मालक आजच्या प्रेक्षकांत उपस्थित." मालक स्वतःची छत्री ओळखतो, हशा होतो, आणि तो हशा एकट्या मित्रावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. वस्तू मात्र तेव्हा परत द्यायची नाही, फेरी संपल्यावर द्यायची.

मध्येच कोणी बोललं तर

मित्र मध्ये बोलणारच. "अरे, मी उद्या आवरणारच होतो!" इथे हसून भूमिका सोडली की फेरी तिथेच मोडते. त्याचं प्रत्येक वाक्य पुरावा म्हणून नोंदवा. शांतपणे पाहुण्यांकडे वळून म्हणा, "येथील मौखिक परंपरेत 'उद्या'चा उल्लेख वारंवार आढळतो." कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर सुचलं नाही तर "त्या भागाचे उत्खनन अद्याप झालेले नाही" हे केव्हाही खरं असतं. स्वतःला हसू आवरत नसेल तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता पाटीवरचा क्रमांक मोठ्याने वाचा; वाचताना आवाज आपोआप सपाट होतो.

काय दालनात घ्यायचं नाही

औषधं, पत्रं, पैशांचे कागद, अंतर्वस्त्रं, औषधोपचाराच्या चिठ्ठ्या यांना नोंद क्रमांक द्यायचा नाही, मित्र "चालेल" म्हणाला तरी. भिडेने दिलेला होकार गर्दीत बदलतो. सडलेलं, वास मारणारं काही असेल तर आधी गुपचूप बाहेर काढा. त्यावर गंभीर निवेदन जमत नाही, माणसं नाक धरतात आणि मित्राला लाज वाटते.

आणि काही खोल्यांवर ही फेरी करूच नये. काही पसारा आळसाचा किंवा घाईचा असतो, काही दुःखाचा किंवा आजाराचा. फरक बहुतेक वेळा बाहेरूनच ओळखू येतो. पहिल्या प्रकारचा मित्र स्वतःच "या, पाय सांभाळा" म्हणत आत घेतो आणि ढिगाची गोष्ट सांगतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस दारातच उभा राहून बोलतो, खोलीचा विषय निघाला की गप्प होतो, पूर्वी नीटनेटका होता आणि हल्लीच हे सुरू झालेलं असतं. तिथे पाट्या ठेवून जाऊ नका. शंका असली तर आदल्या दिवशी एकच पाटी, डंबेलची, त्याला एकट्याला वाचून दाखवा. तो पुढची वस्तू सुचवू लागला तर बिनधास्त पुढे जा. तो नुसताच हसला आणि विषय बदलला तर थांबा.

ऐन वेळी खोली आवरली गेली तर

हे फार वेळा होतं. पाहुणे येणार म्हणून मित्र आदल्या रात्री सगळं कपाटात कोंबतो आणि तुमचे पाच थर नाहीसे होतात. रागवू नका आणि पसारा पुन्हा घालायलाही लावू नका. मांडलेला पसारा लगेच ओळखू येतो, कारण त्यात वस्तू एकमेकींवर नीट रचलेल्या दिसतात. पाहणीच्या दिवशी काढलेल्या फोटोंतला एकेका वस्तूचा भाग मोठा करून छापून घ्या आणि तो त्या वस्तूच्या जुन्या जागी, रिकाम्या खुर्चीच्या बैठकीवर, दाराच्या पायाशी असा ठेवा. पाटीवरची "मूळ जागी, न हलवता प्रदर्शित" ही ओळ खोडून तिथे "स्थलांतरापूर्वीची स्थिती" असं लिहा आणि शेजारी फोटो काढल्याची तारीख घाला. निवेदनातलं एकच वाक्य बदलावं लागेल: "येथे पाच थर ओळखता येतात" याऐवजी "येथे पाच थर होते. ते सध्या कपाटात असून ते उघडण्याची परवानगी संग्रहालयास अद्याप मिळालेली नाही."